‘अगं, एक बोलायचं होतं’

एकाच घरात राहणाऱ्या दोन मैत्रिणींनी एकमेकींना मेसेज करावा, तोही भांड्यांबद्दल, हे बाहेरच्या माणसाला विनोदी वाटेल. मधे एक भिंत, हाक मारली तर ऐकू जाईल. पण ज्यांनी मैत्रिणीबरोबर घर वाटून घेतलंय त्यांना विचारा. भाड्याबद्दल बोलता येतं, कारण तो व्यवहार आहे. नोकरी, घरचे, जुनी-नवी प्रेमप्रकरणं यांवर रात्र रात्र बोलता येतं. ‘तुझी भांडी सिंकमध्ये पडून असतात’ हे एवढं एक वाक्य मात्र ओठांवर येऊन परत जातं. ते उच्चारलं की मैत्रीण क्षणात नुसती रूममेट होते आणि आपण तिच्या आईसारखे वागायला लागलोय असं आपलं आपल्यालाच वाटतं.

म्हणून मेसेज. मला त्यात पळपुटेपणा दिसत नाही. समोरासमोर बोललं की ऐकणाऱ्याला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागतं आणि घाईतलं उत्तर बहुतेक वेळा बचावाचं असतं: ‘अगं, परवा मीच घासली होती की!’ मेसेज वाचून माणूस आधी चिडू शकतो, मग थोडा वेळ जाऊ देऊ शकतो आणि त्यानंतर लिहू शकतो. ही सोय मोठी आहे.

अडचण आवाजाची. मेसेजमधून आवाज जात नाही आणि लिहिणाऱ्याला ते कळत नाही, कारण लिहिताना त्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा आवाज चालूच असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे मोजलं आहे. काही वाक्यं गंभीरपणे, काही उपरोधाने पाठवायची आणि समोरच्याने कुठलं कसं आहे ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांची खात्री होती की शंभरातली साधारण ७८ वाक्यं बरोबर ओळखली जातील. आवाजातून पाठवलेल्यांत अंदाज फार चुकला नाही. ईमेलने पाठवलेल्यांत मात्र बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास निघालं. दोनच पर्याय असताना ५६ म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसं बरं. आपण प्रेमाने लिहिलं म्हणून ते प्रेमाने वाचलं जाईल, ही समजूत इथेच सोडून दिलेली बरी.

आता खरा मजकूर. माझ्या मावसबहिणीने तिच्या मैत्रिणीला पाठवण्याआधी मला दाखवलेला मेसेज असा होता. दोघी कॉलेजपासूनच्या जिवलग, एकत्र राहायला लागून बरेच महिने झालेले.

‘अगं, एक बोलायचं होतं. तुला राग नाही ना येणार? तसं काही मोठं नाहीये. पण हल्ली रोज भांडी मीच घासते आणि कचराही मीच टाकते. तुला वेळ नसतो हे मला कळतं, पण निदान स्वतःचं ताट तरी घासत जा.’ आणि शेवटी एक हसरा चेहरा.

यात शिवी नाही, आरडाओरडा नाही, काळजी तर ओळीओळीत आहे. तरीही हा मेसेज टोचतो. का, ते सावकाश बघण्यासारखं आहे.

पहिली ओळ. फोनच्या पडद्यावर सूचना येते तेव्हा मेसेजचा सुरुवातीचाच भाग दिसतो. मैत्रीण कामाच्या गडबडीत आहे आणि तिला दिसतंय, ‘अगं, एक बोलायचं होतं. तुला राग नाही ना…’ उरलेला मेसेज उघडेपर्यंत तिच्या मनात घर सोडून जाण्यापासून आजारपणापर्यंत सगळं येऊन जातं. एवढी भीती दाखवल्यावर आत निघतात भांडी. सुटकेचा निःश्वास टाकून ती हसेल असं वाटत असेल तर तसं होत नाही. छातीतली धडधड राहतेच आणि ती भांड्यांच्या नावावर जमा होते. शिवाय ‘राग नाही ना येणार’ विचारलं की वाचणारी रागावण्याजोगं काय आहे ते शोधतच पुढे वाचते.

मग तो ‘मीच’. एकाच वाक्यात दोनदा. मराठीत हा ‘च’ लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, इतका सहज चिकटतो. पण ‘भांडी मी घासते’ ही माहिती झाली आणि ‘भांडी मीच घासते’ हे आरोपपत्र. तू घासत नाहीस हे त्यात न लिहिता लिहिलेलं असतं. तसंच ‘निदान’ आणि ‘तरी’. ‘निदान स्वतःचं ताट तरी’ म्हणजे बाकी तुझ्याकडून अपेक्षाच सोडली आहे. मागणी लहान केली म्हणून बहिणीला ते सौम्य वाटलं होतं. वाचणाऱ्याला त्यात आपली किंमत लहान झालेली दिसते.

हसऱ्या चेहऱ्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ज्या वाक्याला तो लावावासा वाटतो ते वाक्यच बदलावं. वाक्य बोचरं आहे हे आपल्याला कळलेलं असतं म्हणून तर हात त्या चेहऱ्याकडे जातो, आणि बोचऱ्या वाक्याला हसू जोडलं की टोमणा तयार होतो. हात जोडलेली खूण त्याहून वाईट. आणि सिंकचा फोटो तर नकोच नको. तो सरळ पंचनामा.

शब्द बदलले की काम झालं असतं तर लेख इथेच थांबला असता. पण बहिणीला मी आधी वेगळंच विचारलं: तुला सिंक कधी खुपायला लागतं? ती म्हणाली, दोन भांडी दिसली की. आणि तिला? थोडा विचार करून म्हणाली, ‘प्यायला एकही ग्लास उरत नाही तेव्हा असेल बहुतेक.’ मग तशी वेळ कधी आली होती का? ‘नाही गं ताई. मी येऊच देत नाही ना.’

सगळं गणित या उत्तरात आहे. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संवाद-अभ्यासक जेस अल्बर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरकामाच्या वाटपाबद्दल जी मांडणी केली आहे, ती थेट मुंग्या आणि मधमाश्यांच्या अभ्यासातून आली आहे. कामाची निकड अंगाला जाणवण्याची पातळी प्रत्येकाची वेगळी असते. जिला ती आधी जाणवते ती उठून काम करते, त्यामुळे निकड पुन्हा खाली येते आणि दुसरीच्या पातळीपर्यंत कधी चढतच नाही. दुसरी टाळत असते असं नाही. तिच्या दृष्टीने काम अजून निघालेलंच नसतं, आणि निघण्याआधीच संपतं. असं बरेचदा झालं की ते काम करणारीच्या नावावर पडतं: तिला आवडतं, तिला जमतं, तिला स्वच्छतेचं वेड आहे. मग आभारही मानले जात नाहीत, कारण आपली हौस भागवणाऱ्याचे आभार कोण मानतं?

हे कळल्यावर मेसेजचं काम बदलतं. ‘तू करत नाहीस’ हे सांगून काही हाती लागत नाही. तिला जे दिसत नाही ते ती कबूल तरी कसं करणार? तिच्या डोळ्यांची पातळी मेसेजने खाली आणता येत नाही. ‘घाण झालं की घास’ या करारालाही काही अर्थ नाही, कारण घाण कधी झाली हेच तर दोघींचं वेगळं आहे. हवी आहे डोळ्यांवर न सोपवलेली एखादी खूण. वार, वेळ, पाळी. म्हणजे मेसेजमध्ये मागे काय झालं ते नको, पुढे केव्हा काय होईल ते हवं.

मागचा हिशेब टाळण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते जरा अपमानास्पद आहे: तो हिशेब चुकलेला असतो. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून घरातल्या एकेका गोष्टीत तुमचा वाटा किती ते विचारलं होतं. दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर बहुतेक जोडप्यांत ती शंभर टक्क्यांच्या वर गेली. मला त्यातला पुढचा तपशील जास्त आवडतो. भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्त सांगितला. म्हणजे ही निव्वळ बढाई नव्हती. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं बरंचसं आपल्या नजरेआड होतं, एवढी साधी गोष्ट.

म्हणून दुसरा प्रश्न विचारला: ती काय काय करते? ‘काहीच नाही’ हे उत्तर तयारच होतं. मी गप्प बसले. मग एकेक निघत गेलं. लाइटचं आणि नेटचं बिल तीच भरते. घरमालकाशी बोलणं बहिणीला जमत नाही, ते सगळं तीच निस्तरते. नळ गळत होता तेव्हा सुट्टी घेऊन ती घरी थांबली होती. आणि बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस? ‘ते… मला बघवत नाही, ती काढते.’ ही यादी मेसेजमध्ये घालायची नव्हती. ती फक्त बहिणीच्या डोक्यात असायला हवी होती, कारण ‘मी सगळं करते’ असं मानणारा माणूस आणि ‘आमची कामं वेगवेगळी पडली आहेत’ असं मानणारा माणूस एकच वाक्य लिहायला बसले तरी वेगळं लिहितात.

तिने दुसरा मसुदा केला तो असा:

‘अगं, भांड्यांचं आपण काहीतरी ठरवूया का? सिंक भरलेलं असलं की मला सकाळी काही सुचत नाही. तुला तसं होत नाही हे माहितेय. तू बिलं वगैरे सगळं बघतेस त्याबद्दल खरंच थँक्यू, पण आपण रोज रात्री भांडी घासून ठेवत जाऊया का?’

पहिली दोन वाक्यं उत्तम. विषय पहिल्याच ओळीत आहे, सूचनेत तेवढंच दिसलं तरी कुणी घाबरणार नाही. त्रास कोणाला होतो ते ‘मला’ने सांगितलंय, आणि ते खरंही आहे. पुढे तीन ठिकाणी गाडी घसरली.

‘तुला तसं होत नाही हे माहितेय’ हे तिने समजूतदारपणे लिहिलं होतं. मैत्रिणीने ते ‘तुला काय, तुला घाणीत चालतं’ असं वाचलं तर तिला दोष देता येणार नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपण मेसेजमध्ये लिहूच नये. आपलं लिहावं, तिचं तिला लिहू द्यावं.

‘थँक्यू, पण’ तर फारच ओळखीचं. ‘पण’च्या आधी आलेले आभार कोणीच खरे मानत नाही, आणि त्यामुळे खरे आभारही वाया जातात. ते दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या निमित्ताने मानावेत. बिल भरल्याचा मेसेज येतो तेव्हा ‘बरं झालं, मला तर आठवलंच नसतं’ एवढं म्हटलं तरी पोचतं.

आणि शेवटचा ‘आपण’. मराठीतला हा ‘आपण’ गोड शब्द आहे, पण बालवाडीतल्या बाई ‘आपण हात धुऊया हं’ म्हणतात तेव्हा बाईंना हात धुवायचे नसतात. पहिल्या वाक्यातलं ‘आपण ठरवूया’ खरं आहे, ठरवायचं दोघींनाच आहे. ‘आपण रोज रात्री घासूया’ मात्र खोटं आहे. बहीण आजही घासतेच. जिथे ‘तू’ म्हणायचंय तिथे सरळ ‘तू’ म्हणावं, फक्त सोबत ‘मी’ असावा.

शेवटी गेला तो मेसेज असा:

‘अगं, भांड्यांचं आपण काहीतरी ठरवूया का? सिंक भरलेलं असलं की मला सकाळी काही सुचत नाही. एक दिवस मी, एक दिवस तू, रात्री झोपायच्या आधी, असं जमेल का? की भांडी माझ्याकडे ठेवून कचरा आणि बाथरूम तू घेशील? काहीही चालेल. आत्ता उत्तर नको, शनिवारी दोघी घरी आहोत तेव्हा बोलू.’

कचऱ्याची तक्रार वेगळी केली नाही, ती पर्यायात विरघळली. एका मेसेजमध्ये एकच विषय, यावर मी ठाम आहे. दोन झाले की यादी होते आणि यादी झाली की साठवून ठेवलेलं वाटतं. दोन पर्याय देण्याचं कारण असं की ‘जमेल का?’ हा प्रश्न तेव्हाच प्रश्न असतो जेव्हा ‘नाही’ म्हणायला जागा असते. ‘हो’ सोडून दुसरं उत्तर आपल्याला चालणार नसेल तर तो प्रश्नचिन्ह लावलेला हुकूम आहे, आणि तो तसाच ऐकू येतो. ‘काहीही चालेल’ लिहिण्याआधी मी तिला विचारून घेतलं, खरंच चालेल ना? रोजची भांडी तुझ्याकडे राहिली तरी? ती म्हणाली, बाथरूम सुटलं तर आनंदाने. म्हणून ते वाक्य राहिलं, नाहीतर काढलं असतं.

पाठवायचं केव्हा, हेही सांगायला हवं. हात साबणाचे असताना नाही. मैत्रीण शेजारच्या खोलीत असताना तर मुळीच नाही, कारण मेसेज पोचल्याचा आवाज भिंतीपलीकडून येतो आणि मग दोघीही आपापल्या खोलीत श्वास रोखून बसतात. आणि मसुदा तिच्या चॅटमध्ये लिहू नये. पुसून पुन्हा लिहिताना तिला पलीकडे कितीतरी वेळ ‘टायपिंग…’ दिसत राहतं आणि शेवटी चार ओळी येतात. पाठवून काढून टाकलेल्या मेसेजची खूण तर त्याहून भयंकर. मसुदा दुसरीकडे लिहावा, आणि थोड्या वेळाने तिच्या जागी बसून, तिचा दिवस वाईट गेलाय असं समजून वाचावा.

उत्तर संध्याकाळी आलं. ‘अगं सॉरी, माझ्या लक्षातच येत नाही. पाळी चालेल. पण रात्री नाही जमणार गं, मी आले की आडवीच होते. सकाळी निघायच्या आधी घासली तर?’

बहिणीची बोटं लगेच शिवशिवली: ‘अगं सॉरी काय त्यात, राहू दे, मी घासत जाईन.’ तिने ते पाठवलं नाही हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. आपल्याकडे कोणी सॉरी म्हटलं की ‘राहू दे’ इतक्या वेगाने बाहेर पडतं की आधीच्या मेसेजवर बोळा फिरतो. मैत्रीण त्यातून एवढंच शिकते की सॉरी म्हटलं की काम टळतं. आणि यात तिचा काही डाव नसतो. सॉरीला ‘हो गं, कळतं’ पुरतं. मग मुद्द्यावर यावं.

मुद्दा खरा होता. एकीला रात्री रिकामं सिंक हवं, दुसरीला रात्री ते होणं शक्य नाही. शनिवारी बोलताना तोडगा मैत्रिणीनेच काढला: तिच्या पाळीच्या दिवशी रात्रीची भांडी विसळून खालच्या टबमध्ये जातील, सिंक रिकामं राहील आणि सकाळी ती निघायच्या आत टब रिकामा होईल. बहिणीला भांड्यांचा त्रास होत नव्हता, सिंक भरलेलं दिसण्याचा होत होता, हे तिला स्वतःलाही तेव्हाच कळलं. मेसेजमध्ये हे सुचलं नसतं. मेसेजने दार उघडायचं, बोलणं तोंडानेच करायचं. चॅटवर वाटाघाट करायला गेलं की प्रत्येक वाक्य पुरावा म्हणून मागे राहतं आणि पुढच्या भांडणात वर सरकवून दाखवलं जातं.

मग एकदा टब तसाच राहिला. हे होणारच होतं. इथे दोन वाटा सोप्या असतात आणि दोन्ही जुन्या जागी नेतात. गुपचूप घासून टाकलं तर मैत्रिणीला पाळी चुकल्याचं कधी कळणारच नाही. भांडी पुन्हा तिच्या पातळीच्या खालीच संपतील. आणि ‘ठरलं होतं ना आपलं?’ असं लिहिलं तर पुन्हा खटला. बहिणीने लिहिलं, ‘टब राहिलाय गं आज. संध्याकाळी आल्यावर करशील?’ उत्तर आलं, ‘हो हो, विसरले!’ त्या दिवशी टब संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता आणि बहिणीला ते बघावं लागलं. अशा ठरावाची किंमत ही असते, आणि ती ज्याला आधी खुपतं त्यालाच द्यावी लागते. न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट आहे. समोरच्याला दिसतं, कळतं, ठरलेलं आठवतंही, आणि तरी तो करत नाही, असं चाललं असेल तर सौम्य शब्द शोधत बसू नये. पातळीचा प्रश्न तिथे संपलेला असतो. त्याच विषयावरचा चौथा गोड मेसेज गोड लागत नाही; लिहिणारा स्वतःलाच घाबरतोय एवढं त्यातून दिसतं. तेव्हा तक्रार तक्रारीसारखीच करावी, समोर बसून, सरळ वाक्यात: हे ठरलं होतं, हे होत नाहीये, मला असं राहायचं नाही. पहिला मेसेज नीट लिहिलेला असला तर ही वेळ आल्यावर आपल्याकडे बोट दाखवायला काहीतरी ठरलेलं तरी असतं.

इथे ती वेळ आली नाही. काही आठवड्यांनी उलट बाजूने मेसेज आला. ‘अगं, तुझ्या सकाळच्या अलार्मचं काही करता येईल का? तो तीनदा वाजतो आणि मला परत झोप लागत नाही. आवाज कमी किंवा एकदाच, कसंही.’ बहिणीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तीनदा?? दोनदाच वाजतो!’ मी विचारलं, तिला काय उत्तर दिलंस? म्हणाली, ‘काही नाही, थरथरणारा लावला.’